रात्रीचं भाकीत दिवसा तपास

प्रिय बाळ,

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘आज झोप लागली नाही तर उद्या कामात घोळ होणार, नोकरी जाणार.’ हेच मी अकरा वर्षं अंथरुणात पडून स्वतःला बजावत आलो, म्हणून लिहायला बसलो.

चहा कमी कर, मोबाइल लांब ठेव, हे तुला पाठ आहे. माझं सांगणं एकच: रात्रीचं भाकीत दिवसा तपास.

परवा पारावर आपण हिशेब मांडला, आठवतंय? आठ महिने, आठवड्याला चार रात्री खराब, म्हणजे एकशे चाळीसच्या आसपास. घोळ होणार याची रात्री खात्री किती? तू म्हणालास, शंभरात नव्वद. प्रत्यक्षात घोळ एकच: टॉवेलच्या 48 गाठींचं चलन 84 चं झालं, तेही गेटवर सापडलं. आणि आदल्या रात्री तू छान झोपला होतास, हे तुझ्याच तोंडून आलं! मग नव्वद कुठून आणलेस?

‘पण दिवस वाईट जातो,’ म्हणालास. जातोच. डोळे चुरचुरतात, माणसांवर खेकसायला होतं. पण वाईट जाणं वेगळं आणि वाया जाणं वेगळं. रात्री तुझ्या डोक्यात हे दोन्ही एक होतात, छाती धडधडायला लागते आणि धोक्याच्या तयारीत असलेलं शरीर झोपेल कसं? खरं तर जागरणानंतर शरीर आपणहून भरपाई करतं. पुढच्या झोपेत गाढ झोपेचा वाटा वाढतो, तासाला तास परत करावा लागत नाही.

तर रोज संध्याकाळी सातला वही घे, अंथरुणात अजिबात नको. डावीकडे कालची भीती आणि तिची टक्केवारी, उजवीकडे आज काय घडलं. ‘आज मस्त झोप लागेल’ असलं काही लिहू नकोस, तुझाच त्यावर विश्वास बसणार नाही. ‘झोप कमी झाली तर उद्या जड जाईल, पण काम निभेल’ एवढंच लिही, कारण ते तपासलेलं आहे.

आणि खराब रात्रीनंतर रजा टाकू नकोस. मी टाकायचो. पुण्याची बढती नाकारली, झोपेशिवाय जमणार नाही म्हणून. घरी आई आजारी होती हेही खरं, पण आई बरी झाल्यावरही मी गेलो नाही. घरी बसलेल्या माणसाचं भाकीत कधी खोटं ठरतच नाही रे, तपासायला जागाच उरत नाही! म्हणून परत सांगतो, दिवसा तपास.

एक भीती मात्र खरी मान: डोळे मिटायला लागले तर मोटरसायकल काढू नकोस, बसने जा. आणि घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणाले, तर वही पुरणार नाही, डॉक्टर गाठ.

रविवारी सातला वही घेऊन ये. उजवी बाजू कोरी असेल तर मी रागावणार आहे.

तुझा,
काका