रेफरन्स देऊन लावलेल्या मित्राचं काम बिघडलं, तर आपण काय करायचं?

प्रश्न: माझ्या रेफरलवर जवळचा मित्र आमच्या कंपनीत लागला. प्रोबेशन अजून संपलेलं नाही, पण कामं वेळेत होत नाहीयेत. त्याचे मॅनेजर मला म्हणाले, "तुझ्या मित्राला जरा समजाव." माझं नावही खराब होऊ नये आणि मैत्रीही तुटू नये, काय करू?

उत्तर: मी बरीच वर्षं टीमसाठी माणसं निवडतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. रेफर केलेला माणूस चालला नाही म्हणून रेफर करणाऱ्याबद्दल माझं मत सहसा बिघडत नाही. मुलाखत आम्ही घेतली, निवड आम्ही केली. मत बिघडतं ते नंतरच्या वागण्यावरून. कुणी मित्राची वकिली करत सुटतं, तर कुणी स्वतःला वाचवायला त्यालाच नावं ठेवू लागतं. दोन्ही बघितलं की पुढच्या वेळी त्या व्यक्तीच्या शिफारशीवर किती विसंबायचं, हा प्रश्न पडतो.

म्हणून आधी मॅनेजरशी बोला, मित्राशी नंतर. एकदाच आणि थोडक्यात. साधारण असं: "मी त्याला आधीच्या नोकरीत काम करताना पाहिलं होतं, त्यावरून नाव सुचवलं. इथलं त्याचं काम मी पाहत नाही, त्यामुळे जे कमी पडतंय ते तुम्हीच त्याला थेट सांगितलंत तर बरं. मधे मी आलो तर त्याला ते मित्राचं बोलणं वाटेल, कामाचा फीडबॅक वाटणार नाही." तुमची ओळख कामातली नसून फक्त मैत्रीची असेल, तर तेही इथेच स्पष्ट सांगा. वारंवार माफी मागू नका. त्याने उलट मित्राच्या कामाची जबाबदारी तुमच्याकडे आहे असा समज पक्का होतो.

"समजाव" ही विनंती साधी वाटते, पण तिच्यात एक अडचण आहे. तुम्ही निरोप पोचवलात की मॅनेजरला वाटतं फीडबॅक देऊन झाला. मित्राच्या कानावर मात्र अर्धवट, सौम्य केलेली गोष्ट जाते. नक्की कुठलं काम, किती उशीर, कधीपर्यंत सुधारणा हवी, हे त्यात नसतं. मग प्रोबेशन वाढवलं किंवा नोकरी गेली की तो म्हणतो, "मला कुणी नीट सांगितलंच नाही," आणि ते खरं असतं.

आणखी एक गोष्ट. मॅनेजर तुम्हाला विश्वासात घेऊन "बहुतेक त्याला कन्फर्म करणार नाही" असं सांगू लागले, तर तिथेच थांबवा. "हे मला न कळलेलं बरं, आमची रोज भेट होते." एकदा कळलं की मित्राला सांगणं म्हणजे ऑफिसचा विश्वास मोडणं, आणि न सांगता रोज त्याच्यासोबत चहा पिणं मैत्रीला फार जड जातं. तरीही कळलंच, तर ते फोडू नका. नंतर त्याने विचारलं तर "कळलं होतं, सांगता येत नव्हतं" हे खरं उत्तर द्या. तो काही दिवस रागावेल. खोटं बोललात आणि ते नंतर उघड झालं, तर राग जास्त टिकेल.

मित्राशी बोलताना मॅनेजरचं मत सांगायला जाऊ नका, रस्ता दाखवा. "प्रोबेशन संपायच्या आधी मॅनेजरकडे स्वतः वेळ माग. काय ठीक चाललंय, काय नाही, हे विचार आणि ठरलेलं ईमेलवर लिहून पाठव." हा सल्ला कुठल्याही नव्या माणसाला देता येतो, त्यात कुणाचं गुपित फुटत नाही. सोबत हेही सांगून ठेवा की इकडचं तिकडे करणार नाही, दोन्ही बाजूंनी.

"मी तुझ्यासाठी माझं नाव पणाला लावलं होतं" हे वाक्य मात्र तोंडून जाऊ देऊ नका, कितीही राग आला तरी. त्याला ते आधीच माहीत असतं. मोठ्याने म्हटलं की तो उपकार होतो, आणि मग तो फोन उचलेनासा होतो. रेफरल बोनसचं उलट आहे, ते लपवू नका. बऱ्याच कंपन्या तो ठरावीक काळ माणूस टिकल्यावरच देतात. तुमच्याकडे तसं असेल तर मित्राला आत्ताच सांगा, नाहीतर "थांब, इतक्यात सोडू नकोस" या तुमच्या सल्ल्यामागे त्याला पैसे दिसतील.

इकडचं तिकडे न करण्याला अपवाद एकच. त्याने बायोडेटात अनुभव खोटा लिहिला होता असं कळलं, तर गप्प राहू नका. आधी त्याला सांगा की हे तू स्वतः एचआरला कळव, आणि एक तारीख द्या. त्याने नाही सांगितलं तर तुम्ही सांगा. यात मैत्री जाऊ शकते, हे मी लपवत नाही.

नोकरी गेलीच, तर उद्या तो दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा तुमचं नाव मागेल. सरळ नकार द्यायची गरज नाही. जे स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा: "आम्ही एका टीममध्ये होतो, त्याचं तांत्रिक काम मी जवळून पाहिलंय. एकट्याने प्रोजेक्ट सांभाळताना पाहिलेलं नाही." पाठवण्याआधी मजकूर त्यालाही दाखवा. नको असेल तर तो दुसरं नाव देईल.