घरातला हलका रुपया आणि बाजारातला हलका रुपया

प्रश्न : "आजीच्या डब्यात पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये सापडले. त्यांतला १९१७ चा एक ११.४ ग्रॅम भरला, तो ११.६६ भरायला हवा ना? एके ठिकाणी दाखवला, तर नकली म्हणाले. बाजारात १९३९ चा रुपया पाहिला, तोही तेवढाच भरला. दोन्ही नकलीच समजू का?"

दोन्ही रुपयांत उणीव सारखीच असली तरी संशय सारखा धरू नका. हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण मूल्यांकन करणाऱ्या एका ठिकाणी आमच्या घरचे रुपयेही केवळ वजनकाट्यावर टाकून नकली ठरवले गेले आणि ते कुठून आले हे कोणी विचारलेही नाही. माझा सर्वाधिक राग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

वापरात झिजलेला अस्सल रुपयाही हलका भरतो. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. अस्सल रुपयांपैकी २० टक्के आणि नकली रुपयांपैकी ७० टक्के असे हलके भरतात असे समजा. १९१७ चा रुपया मुबलक मिळतो, त्याची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही. म्हणून जुन्या घरगुती डब्यांतल्या १०० नाण्यांत २ नकली धरू. मग हलकी भरणारी अस्सल नाणी सुमारे २० आणि नकली एखाददुसरे, म्हणजे हलके नाणे हाती आले तरी ते अस्सल असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. १९३९ चा रुपया मात्र दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे नकलांचे आवडते सावज आहे. बाजारात विकायला आलेल्या अशा १०० नाण्यांत ८० नकली धरले, तर हलक्या ६० नाण्यांपैकी ५६ नकली निघतील. काटा तोच आणि वजनही तेच, निष्कर्ष मात्र उलटा.

आता तुमच्या १९१७ च्या रुपयाकडे भिंगातून पाहा. राजाच्या मुकुटाचे उंचवटे आणि झग्यावरच्या साखळीतला छोटा हत्ती गुळगुळीत झाले असतील, तर घटलेल्या वजनाचे कारण समोरच आहे. तपशील धारदार असूनही वजन कमी भरत असेल, तर मात्र डब्यातल्या नाण्यावरही संशय घ्या, कारण तेव्हा झिजेचे स्पष्टीकरण उरत नाही.

१९३९ च्या बाबतीत याच्या उलट सावधगिरी हवी, म्हणजे वजन बरोबर भरले तरी निर्धास्त होऊ नका. १९३८ च्या अस्सल रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून ८ चा ९ केला, तर वजन आणि चांदी दोन्ही खरीच राहतात. म्हणून त्या ९ भोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला किंवा त्याची चकाकी वेगळी दिसते का, ते तिरप्या प्रकाशात तपासावे.

मी व्यावसायिक परीक्षक नाही आणि फोटोशिवाय निर्णय देणार नाही. तरी माझे मत विचाराल, तर आजीचा रुपया कोणाच्या एका वाक्यावर मोडीत देऊ नका, आणि १९३९ चा रुपया परत करण्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय घेऊ नका.