सँक्शन दिसलं की आधी थांब

भाषांतराच्या कामाला लागतोयस म्हणून एकच शब्द सांगतो, सँक्शन. आपल्याकडे कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली असं रोज बोलतो, त्यामुळे इंग्रजी मजकुरात तो दिसला की हात आपोआप "मंजुरी" टाइप करतो आणि तिथेच घोळ होतो, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ निर्बंध किंवा दंडात्मक कारवाई असाही आहे, म्हणजे अगदी उलटा. मी सुरुवातीला एका करारात "कर्जदारावर कोणतेही सँक्शन्स लागू नाहीत" या अर्थाच्या वाक्याचं "कर्जदाराला कोणतीही मंजुरी नाही" केलं होतं. तपासणाऱ्या ताईंनी फक्त लाल गोल करून पाठवलं, तेवढं पुरलं 😅

ओळखायचं कसं? शब्द अनेकवचनी असेल, आजूबाजूला लादणे, उल्लंघन, यादी असलं काही असेल तर बहुतेक निर्बंधच. कर्ज, रक्कम, मर्यादा किंवा पत्र जोडलेलं असेल तर मंजुरी. तरी पूर्ण कलम वाच, नुसत्या वाक्यावर जाऊ नकोस.

उलट्या दिशेला, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, तर जास्त जपायचं. "कंपनीला सँक्शन मिळालं" हे इंग्रजीत तसंच ठेवलंस तर बाहेरच्या वाचकाला कंपनीवरच बंदी आलीय असं वाटू शकतं, म्हणून तिथे सरळ अप्रूव्हल वापर. मूळ कागदाचं नावच सँक्शन लेटर असेल तर मात्र नाव बदलू नकोस, पहिल्यांदा येईल तिथे मंजुरीपत्र या अर्थाचा इंग्रजी खुलासा दे.