पैठणीच्या पदराचा क्लोज-अप: धागे धूसर, जर पांढरी

"कळव्यातून पैठण्या विकते. मॅक्रो लेन्स घेतली, पण पदराच्या क्लोज-अपमध्ये मधले धागे स्पष्ट आणि एक कड धूसर येते. f/22 केलं तर सगळंच मऊ होतं. जर तर पांढरीफटक पडते. काय चुकतंय?"

ताई, लेन्स चांगलीच असणार. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटते इतक्या जवळून, f/8 वरही, फोकसमध्ये राहणारा थर एक मिलिमीटरहून पातळ असतो. पदर जरा तिरका असला की एक कड त्या थराबाहेर गेलीच. f/22 वर थर जाड होतो, पण इतक्या जवळून ते छिद्र f/44 सारखं वागतं. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि धागे मऊ दिसतात. त्यापेक्षा थोडं मागे या. निम्म्या मापावर तोच थर तिप्पट जाड मिळतो. छिद्र f/8 ते f/11 च्या मध्ये ठेवा.

पदर समांतर आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. मग आरसा काढून फोकस करा.

आता प्रकाश. वीण दिसते ती धाग्यांच्या सावल्यांमुळे, म्हणून समोरचा फ्लॅश नको. खिडकीचा उजेड बाजूने, कापडाला जवळजवळ घासून येऊ द्या. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असतील तर साडी काटकोनात फिरवून पाहा, रंग बदललेला दिसेल. कुठली दिशा खरी वाटते ते ठरवा.

जर मात्र धातू आहे, समोर जे असेल तेच ती दाखवते. उघडा दिवा असेल तर पांढरे ठिपके येणार, आणि नुसत्या पोलरायझरने धातूची चमक जात नाही. मी खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावतो आणि पलीकडच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा करतो. मग प्रत्येक तारेला एक उजळ आणि एक गडद कड मिळते, गोलाई दिसते. एक्स्पोजर जरीवरूनच ठरवा, रेशीम थोडं गडद आलं तर नंतर उचलता येतं.

गेल्या श्रावणात नौपाड्यात माझ्या खोलीत मोराच्या पदराचे फोटो काढत होतो. ढगाळ दिवस, पाव सेकंदाचं एक्स्पोजर. प्रत्येक फोटोत धागा दुहेरी येत होता. फोकस तीनदा तपासला, आणि दोष निघाला पंख्याचा: वाऱ्याने कापड हलत होतं. पंखा बंद केला, पदराच्या कडांवर वजनं ठेवली, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि खाली रस्त्यावरून ट्रक जाऊ दिला. मोराची चोच स्वच्छ आली.

शार्पनिंग मात्र वाढवू नका, धाग्यांभोवती पांढरी किनार येते आणि रेशीम प्लास्टिकसारखं दिसतं. त्याऐवजी त्याच प्रकाशात पदराच्या उलट्या बाजूचा फोटो टाका. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागेही पुढच्यासारखीच नीट असते, यंत्रावरच्या साडीत मागे सहसा लांब सुटे धागे दिसतात. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच पाहतं.