मिन-मॅक्स ठरवताना: सोमवारची ऑर्डर आणि पाऊण इंची एल्बो

प्रश्न: तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. घाऊक व्यापाऱ्याचा माणूस दर सोमवारी ऑर्डर घेतो, माल गुरुवारी येतो, कधी लांबला तर पुढच्या सोमवारी. सगळ्या आयटमला मिन म्हणजे दोन आठवड्यांचा खप आणि मॅक्स त्याच्या दुप्पट असं लावून टाकू का? उदाहरणादाखल पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बोचा गेल्या 12 आठवड्यांचा खप देतो: 40, 35, 52, 28, 44, 38, 120, 41, 33, 47, 36, 46. नग 12 रुपयांना पडतो, पाकीट 50 चं येतं.

उत्तर:

सरसकट लावू नका. एल्बोला तुमचा नियम कसाबसा चालून जाईल, पण पाण्याच्या मोटरला आणि बिजागरीला तोच नियम लावलात तर एकीकडे पैसा अडकेल आणि दुसरीकडे गिऱ्हाईक परत जाईल. मिन आणि मॅक्स ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. माल संपू नये हे मिन बघतो, एका वेळी किती मागवायचं हे मॅक्स बघतो. म्हणून एकाची दुप्पट करून दुसरा काढता येत नाही.

आधी मिन. सोमवारी माणूस समोर उभा असताना स्वतःला एकच विचारायचं: आज हा आयटम लिहून दिला नाही, तर आहे तो माल कुठवर पुरवावा लागेल? पुढची संधी पुढच्या सोमवारी, आणि त्या ऑर्डरचा माल त्या गुरुवारी. म्हणजे सोमवार ते शनिवार सहा दिवस आणि वर तीन, असे धंद्याचे नऊ दिवस. गाडी लांबली तर पूर्ण दोन आठवडे. बरेच जण फक्त माल यायला लागणारे तीन दिवस धरतात आणि दोन सोमवारांमधला आठवडा विसरतात. मिन लावूनही माल संपतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता खपाचे आकडे. 120 चा आठवडा बाजूला काढा. तो एखाद्या साइटचा माल असणार, बिलं चाळलीत की दिसेल. तसला खप मिनमध्ये धरला तर त्या एका कंत्राटदारासाठी वर्षभर जादा माल पडून राहतो. त्याला आधीच्या सोमवारपर्यंत सांगायला लावा, शक्य असेल तर आगाऊ रक्कम घ्या आणि त्याचा माल वेगळा मागवा. 28 चा आठवडाही तपासा. त्या आठवड्यात एल्बो दोन दिवस संपलेला असेल तर 28 ही फक्त विक्री झाली, मागणी नव्हे, आणि तो आठवडाही गाळायला हवा. यासाठी गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि मागितलेला पण दुकानात नसलेला माल त्यात लिहा. सॉफ्टवेअरला झालेली विक्री दिसते, परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही.

28 खरा आहे असं धरू. उरलेल्या 11 आठवड्यांचा खप 440, म्हणजे आठवड्याला 40. नऊ दिवसांना 60 लागतील. पण सरासरीवर मिन ठेवला तर जवळपास निम्म्या वेळा कमी पडेल. म्हणून लागोपाठच्या दोन-दोन आठवड्यांची बेरीज करून बघा. सगळ्यात मोठी जोडी 35 आणि 52 ची, 87. गाडी लांबली आणि त्यात खपही जोरात झाला, तरी 90 मध्ये निभावतं. मिन 90. त्यातले 60 नेहमीच्या खपाचे आणि 30 आडवेळेचे. छोट्या दुकानात मी सूत्रांपेक्षा या बेरजेवर जास्त विश्वास ठेवतो, कारण आकडा कुठून आला हे काउंटरवरच्या पोरालाही सांगता येतं.

हा 90 कशाशी ताडायचा हे त्याहून महत्त्वाचं. कप्प्यात दिसणाऱ्या मालाशी नाही. हातातला माल, अधिक मागवलेला पण न आलेला, वजा गिऱ्हाइकाला कबूल केलेला, या हिशेबाशी ताडायचा. समजा या सोमवारी कप्प्यात 85 आहेत आणि 25 एका प्लंबरला कबूल केलेत. हिशेब 60, मिनच्या खाली, तुम्ही तीन पाकिटं लिहून दिलीत. आठवड्यात 38 विकले, प्लंबर अजून आला नाही, गाडीही आली नाही. पुढच्या सोमवारी कप्प्यात 47 दिसतात. कप्प्याकडे बघून ऑर्डर देणारा लगेच आणखी तीन पाकिटं लिहितो, आणि गुरुवारी 300 एल्बो एकदम दारात उतरतात. खरा हिशेब 47 अधिक 150 वजा 25, म्हणजे 172. नवी ऑर्डर नको, व्यापाऱ्याला फोन करून अडकलेला माल सोडवायचा. ज्या दुकानात एका आयटमचे ढीग असतात आणि तोच आयटम अधूनमधून संपतोही, तिथे नव्वद टक्के हीच गोष्ट चाललेली असते.

आता मॅक्स. एका वेळी किती मागवायचं हे दोन खर्च ठरवतात. एक, दर खेपेचा: माल मोजून घेणं, बिलाशी ताडणं, कप्प्यात लावणं आणि गाडीभाड्यातला त्या आयटमचा वाटा. गाडी बाकीच्या मालासाठी येणारच असते, म्हणून एल्बोच्या एका ओळीला मी 15 रुपये धरतो. दोन, माल पडून राहण्याचा: गुंतलेल्या पैशाचं महिन्याला दोन टक्के, वर्षाला 24 टक्के. नगामागे वर्षाला 2 रुपये 88 पैसे. वर्षाचा खप 2080. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी पडेल तो आकडा काढायचं सूत्र आहे:

```
√(2 × 2080 × 15 ÷ 2.88) = 147
```

147 ला चिकटून बसू नका. दर खेपेला 150 मागवले तर हे दोन्ही खर्च मिळून वर्षाला 424 रुपये होतात, 100 मागवले तर 456, 200 मागवले तर 444. फरक चहापाण्याचाही नाही. 50 वर आलात तर मात्र 696 आणि 400 वर गेलात तर 654. मधल्या पट्ट्यात कुठेही चालतं, म्हणून पाकिटाला जुळेल ते घ्यायचं: 150.

यावरून मॅक्स 90 अधिक 150, म्हणजे 240 धरावा असं वाटेल. त्यात एक बारकावा आहे. तुम्ही आठवड्यातून एकदाच बघता, त्यामुळे माल बरोबर 90 वर क्वचितच सापडतो. तो सरासरी अर्ध्या आठवड्याच्या खपाने खाली घसरलेला असतो, म्हणजे 70 च्या आसपास. त्यात 150 घातले की 220. मॅक्स 220 ठेवा. वरच्या उदाहरणात 60 होते, 220 ला 160 कमी, तीन पाकिटं. हिशेब 40 पर्यंत घसरला असता तर 180 कमी पडले असते आणि चार पाकिटं गेली असती. ठरावीक नग मागवण्यापेक्षा मॅक्सपर्यंत भरण्याचा फायदा हाच: खड्डा खोल पडला तर ऑर्डर आपोआप वाढते.

एक्सेलमध्ये करत असाल तर B हातातला, C येणे, D कबूल केलेला, E मिन, F मॅक्स, G पाकीट:

```
=IF(B2+C2-D2<=E2, MROUND(F2-(B2+C2-D2),G2), 0)
```

टॅलीप्राइममध्ये Reorder Level आणि Minimum Order Quantity भरता येतात आणि Reorder Status अहवालात यादी निघते. पण सोमवारची ऑर्डर Purchase Order म्हणून टाकली नाही तर येणे माल त्याला कळत नाही, आणि वर सांगितलेली दुबार ऑर्डर तिथेही होते.

आता मोटरकडे बघा. 6000 रुपयांची मोटर आठवड्याला एक जाते असं धरू. एका ओळीचा खर्च गाडीभाड्यासकट 40 रुपये धरला तरी त्याच सूत्राने एका वेळी दीड-दोन नगच निघतात. मिन 2 असेल तर मॅक्स 3, फार तर 4, आणि जवळजवळ दर सोमवारी एक लिहून द्यायची. उलट रुपया-दोन रुपयांच्या स्क्रूला पाच-सहा महिन्यांचा माल एकदम भरला तरी योग्यच. माल जितका महाग तितका मॅक्स मिनच्या जवळ, जितका स्वस्त तितका लांब. दुपटीच्या नियमात हे येतच नाही.

व्यापारी स्कीम घेऊन येतो तेव्हाही हेच मोजमाप लावा. समजा 600 एल्बो घेतले तर 3 टक्के सूट. सूट 216 रुपये, तीन खेपा वाचल्या त्यांचे 45. 600 नग साडेतीन महिने पुरतील, त्या काळात सरासरी 225 नग जादा पडून राहतील, म्हणजे 2700 रुपये, त्यांचं व्याज 189. हातात 72 रुपये उरतात. सूट 2 टक्के असती तर काहीच उरलं नसतं. सॉल्व्हंट सिमेंटच्या डब्यांना तर डब्यावरची तारीख हीच मर्यादा. तारखेच्या आत जेवढं विकेल त्याच्या वर मॅक्स जाता कामा नये, सूट कितीही असो.

बिजागरीसारख्या कमी खपाच्या मालाला सरासरी काढत बसू नका. दाराला तीन बिजागऱ्या लागतात. महिन्यात दोन दारांच्या जात असतील तर आठवड्याची सरासरी दीडच्या आत येते, आणि दोन आठवड्यांच्या नियमाने मिन तीन निघतो. म्हणजे एका दाराचा माल. त्यातली एक कोणी बदलायला नेली की उरलेल्या दोन सुताराच्या कामाच्या नाहीत, कप्पा भरलेला दिसतो आणि माल मात्र नाही. अशा मालाला एका गिऱ्हाइकाची गरज हाच नग माना: मिन 6, मॅक्स 12. हा नियम बिजागरीच्या प्रत्येक मापाला वेगळा लावायचा, चार इंचीची कमतरता पाच इंची भरून काढत नाही.

सगळ्या आयटमना एकाच दिवशी आकडे भरू नका. ज्या 100-150 आयटमवर तुमची बहुतेक विक्री चालते त्यांच्यापासून सुरुवात करा आणि दर तीन महिन्यांनी शेवटच्या 12 आठवड्यांवर पुन्हा हिशेब काढा. ताडपत्री, पत्र्याचे स्क्रू, वॉटरप्रूफिंग यांना मात्र वर्षभराचे आकडे लावू नका. पावसाळ्याआधी त्यांचे दोन्ही आकडे वाढवा, आणि पाऊस स्थिरावला की मिनच्या आधी मॅक्स खाली आणा. जुलैअखेरीला मॅक्सपर्यंत भरलेली ताडपत्री पुढच्या मे महिन्यापर्यंत माळ्यावर पडून राहते.