एफबीपीमध्ये मील कुपन, फोन बिल, पेट्रोल घ्यावं का?

एचआरने २०२५-२६ साठी फ्लेक्सी बेनिफिट प्लॅनचा, म्हणजे पगाराचा काही भाग अशा सवलतींच्या रूपात घ्यायच्या एफबीपीचा, फॉर्म पाठवलाय. सगळं टिक केलं तर कर वाचेल ना?

आधी तुमची करप्रणाली कोणती ते बघा. न सांगितल्यास कंपनी नवीच धरते, आणि २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत मील कुपनवर सवलत नाही. म्हणजे करही भरायचा आणि पैसे फूड कार्डात अडकणार, जिथे ते फक्त खाण्यावरच खर्च होतात. अशा वेळी त्या रकान्यात सरळ शून्य लिहा.

जुनी प्रणाली निवडली असेल तर गणित बदलतं. २०२५-२६ साठी एका जेवणामागे ५० रुपये करमुक्त. दिवसाला दोन जेवणं, महिन्याला २२ दिवस धरले तर २,२०० रुपये, वर्षाला २६,४००. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट साधारण ८,२०० रुपये वाचतात. वाईट नाही.

फोन बिलाची सवलत दोन्हीकडे चालते, पण बिल तुमच्या नावावर हवं आणि करमुक्त होते ती प्रत्यक्ष बिलाची रक्कमच. महिन्याला १,५०० डिक्लेअर केले आणि बिल ६०० चं आलं, तर उरलेले ९०० बहुतेक कंपन्या वर्षाअखेर पगारात देतात, कर कापून. बुडत काही नाही, पण तोवर दर महिन्याचा पगार कमी दिसतो आणि लोक पेरोलवाल्यांवर चिडतात. म्हणून मागच्या तीन बिलांची सरासरीच लिहा.

पेट्रोलचा रकाना स्वतःच्या नावावर गाडी असेल तरच भरा. २०२५-२६ साठी जुन्या प्रणालीत १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला, ऑफिस आणि घरगुती असा मिश्र वापर असेल तर, महिन्याला १,८०० रुपयांपर्यंतच करमुक्त.