आरएसआय ८० वर गेला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: डेली चार्टवर आरएसआय ७० च्या वर गेला की विकतो, ३० च्या खाली आला की घेतो. चार महिने मस्त चाललं, गेल्या पाच आठवड्यांत कमावलेलं सगळं परत गेलं. आता स्टोकॅस्टिक आणि बोलिंजर बँडपण लावलेत, तरी तेच. मार्केट ट्रेंडमध्ये आहे की रेंजमध्ये हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर:

तुमचे आकडे ७०/३० वरून ८०/२० वर नेऊन हे सुटणार नाही. स्टोकॅस्टिक आणि बोलिंजर लावूनही काही हाती लागलं नाही, कारण तिन्ही एकाच घरातले आहेत. भाव नेहमीच्या जागेपासून किती लांब गेला एवढंच ते सांगतात. लांब गेलेला भाव परत येईल की तसाच पुढे जाईल, हे त्यांच्यापैकी कुणीच सांगत नाही. मूव्हिंग ॲव्हरेज किंवा डोन्चियन चॅनल वापरणारा माणूस नेमकी तीच घटना बघून खरेदी करत असतो.

हे कागदावर करून बघा. दहा दिवसांच्या हालचालीसाठी अकरा बंद भाव घेऊ.

पहिली मालिका: १००, १०२, १०१, १०३, १०१, १००, १०२, १००, ९९, १०१, १०२.
दुसरी मालिका: १०२, १०४, १०३, १०५, १०७, १०६, १०८, ११०, १११, ११०, ११२.

रोजचा फरक, वर असो की खाली, नुसता बेरजेत धरा. दोन्ही मालिकांत ती बेरीज १६ येते, म्हणजे भावाची धावपळ सारखीच. पण पहिलीत भाव १०० वरून १०२ वर आला, निव्वळ प्रगती २. दुसरीत १०२ वरून ११२, निव्वळ प्रगती १०. निव्वळ प्रगतीला धावपळीने भागलं की पहिलीत ०.१२५ आणि दुसरीत ०.६२५ मिळतं. याला पेरी कॉफमन यांचा एफिशियन्सी रेशो म्हणतात. शून्याजवळ असेल तर भाव जागच्या जागी फिरतोय, एकाजवळ असेल तर सरळ चाललाय. एटीआर वाढला म्हणजे ट्रेंड आला असं बरेच जण धरून चालतात. एटीआर हालचाल किती मोठी आहे ते मोजतो, ती कुठल्या दिशेने साठतेय ते नाही.

आता त्याच दहा दिवसांचा आरएसआय साध्या सरासरीने काढा. दुसऱ्या मालिकेत वाढीची बेरीज १३, घटीची ३. आरएसआय १३/१६, म्हणजे ८१.२५. पहिलीत वाढ ९, घट ७, आरएसआय ५६.२५. हे आकडे एफिशियन्सी रेशोशेजारी ठेवले की दिसतं:

```
ER  = abs(close - close[n]) / sum(abs(close - close[1]), n)
RSI = 50 + 50 * (close - close[n]) / sum(abs(close - close[1]), n)
```

०.६२५ ला ५० ने गुणून ५० मिळवा, ८१.२५ च येतं. साध्या सरासरीचा आरएसआय आणि एफिशियन्सी रेशो ही एकच गोष्ट आहे, फक्त आरएसआयला दिशेचं चिन्ह असतं. वाइल्डर यांनी १९७८ मध्ये दिलेल्या मूळ आरएसआयची सरासरी वेगळ्या पद्धतीची, त्यामुळे तुमच्या चार्टवर आकडा थोडा इकडेतिकडे येईल, अर्थ तोच राहील. तुम्ही ज्याला ओव्हरबॉट म्हणून विकत होता, ती 'गेले दहा दिवस जोरदार ट्रेंड आहे' अशी नोंद होती. हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा मी माझ्या जुन्या ट्रेडची वही उघडून बसलो होतो. माझे सगळ्यात मोठे तोटे आरएसआय ७५ च्या वर असताना विकून, वर आणखी भर घालून झालेले होते.

म्हणून मोसम, म्हणजे मार्केट ट्रेंडमध्ये आहे की रेंजमध्ये, आणि एंट्री एकाच लांबीवर मोजू नका. एंट्री दहा-चौदा दिवसांवर बघत असाल तर मोसम त्याच्या पाच-सहा पट लांबीवर बघा. मी ६४ दिवस धरतो, कारण उंबरठा काढायला सोपं जातं.

उंबरठ्यात बहुतेक जण चुकतात. ०.३ च्या वर ट्रेंड असं कुठेतरी वाचतात आणि सगळ्या लांबींना लावतात. भाव निव्वळ नशिबाने हलत असेल, तरी n दिवसांचा रेशो सरासरीने साधारण १/√n येतो. दहा दिवसांना ०.३२, पण ६४ दिवसांना फक्त ०.१२५. म्हणजे दहा दिवसांवर ०.३ ला काही अर्थ नाही आणि ६४ दिवसांवर तोच आकडा भक्कम ट्रेंड दाखवतो. मी ६४ दिवसांचा रेशो ०.२५ च्या वर गेला की ट्रेंड धरतो आणि ०.१२ च्या खाली आला की रेंज. मधल्या पट्ट्यात आधीची अवस्था चालू ठेवतो, पण आकार निम्मा करतो. एकच रेषा ठेवलीत तर रेशो तिच्याभोवती घुटमळेल आणि तुम्ही दर आठवड्याला पद्धत बदलत बसाल.

रेंज असेल तर तुमचा आरएसआय जसा वापरता तसाच वापरा. लक्ष्य २० दिवसांची सरासरी, स्टॉप रेंजच्या कडेबाहेर. शिवाय वेळेचाही स्टॉप ठेवा: तुमचे नफ्यातले ट्रेड सरासरी पाच दिवसांत सुटत असतील, तर दहा दिवसांत न सुटलेला ट्रेड बंद करा. परत येणारा भाव एवढा वेळ घेत नाही.

वरचा ट्रेंड असेल तर विक्रीचा सिग्नल पूर्ण बंद. आरएसआय ठेवा, पण ४०-४५ ला आला की घ्या. ३० ची वाट बघू नका, चांगल्या ट्रेंडमध्ये तो तिथवर बहुधा येतच नाही. ७० ला बाहेरही पडू नका. निघायचं काम डोन्चियनच्या २० दिवसांच्या नीचांकावर सोपवा. इथे दहातले सहा ट्रेड तोट्यात गेले तरी पद्धत चालते, कारण उरलेले चार मोठे असतात. तुम्हाला दहातले सात जिंकायची सवय आहे, त्यामुळे सुरुवातीला हे खूप टोचेल.

मर्यादा दोन आहेत. एक, निव्वळ नशिबाच्या चालीतही ६४ दिवसांचा रेशो साधारण नऊत एकदा ०.२५ ओलांडतो, त्यामुळे खोटा ट्रेंड अधूनमधून लागणारच. दुसरी जास्त महागडी: हे माप मागचं बघतं. रेंज फुटते त्या आठवड्यात ते अजून रेंजच सांगत असतं, आणि नेमका तेव्हाच तुमचा विक्रीचा ट्रेड उघडा असतो. एडीएक्स लावून हे टळत नाही, त्यात सरासरीची पुन्हा सरासरी असल्याने तोही उशिराच सांगतो. त्या आठवड्यात फक्त स्टॉप वाचवतो, आणि तोट्यातल्या ट्रेडमध्ये भर न घालणं.

नवीन ट्रेड घेण्याआधी एक करा. गेल्या पाच महिन्यांच्या प्रत्येक ट्रेडसमोर एंट्रीच्या दिवशीचा ६४ दिवसांचा रेशो लिहा आणि रेशोप्रमाणे क्रम लावा. तोटे ०.२५ च्या वर गोळा झाले असतील तर तुमची पद्धत ठीक आहे, चुकीच्या मोसमात चालली एवढंच. तोटे सगळीकडे विखुरलेले असतील तर अडचण स्टॉपमध्ये किंवा ट्रेडच्या आकारात आहे, आणि मोसम ओळखून ती जाणार नाही. तो तक्ता इथे टाका, मी बघतो.